हप्ते फिटले किती, बाकी उरली किती?

गोंदिया शहरालगतच्या नागरा गावाची ओळख दोन गोष्टींनी होते: तेथील पुरातन शिवमंदिराने आणि भोवतालच्या धानाच्या बांध्यांनी. दिवाळीनंतर नवे धान येऊ लागले की या भागातील धान-व्यापारी आणि राईस मिलचालक यांचा पैसा एकदम गुंततो, आणि तांदूळ विकला जाईपर्यंत सुटत नाही. अशा धंद्यात यंत्रसामग्रीसाठी घेतलेले मुदत कर्ज ही नेहमीची बाब आहे. कर्ज घेताना व्याजदर आणि हप्ता यांची चौकशी बारकाईने केली जाते. हिशेब अडतो तो पुढे, जेव्हा मधल्याच एखाद्या तारखेस विचारले जाते की, आज कर्ज फेडून टाकायचे झाले तर नेमके किती द्यावे लागेल?

या प्रश्नाचे उत्तर काढण्याच्या दोन रीती आहेत. एक मागे वळून पाहते, दुसरी पुढे पाहते. पहिलीला पूर्वलक्षी आणि दुसरीला भविष्यलक्षी पद्धत म्हणतात. दोन्हींचे उत्तर एकच यावे लागते. ते येत नसेल तर कर्जाच्या वाटचालीत मध्यंतरी काहीतरी घडलेले असते, आणि नेमके काय घडले याचा माग त्या दोन आकड्यांतील फरकावरूनच लागतो. २०२० सालच्या हप्ता-स्थगितीने हा फरक असंख्य खात्यांत निर्माण केला. म्हणून तेच उदाहरण येथे घेणे सोयीचे ठरेल.

समजा, नागरा येथील एका धान-व्यापारी कुटुंबाने तांदळातील काळे-पिवळे दाणे वेगळे करणाऱ्या यंत्रासाठी दहा लाख रुपयांचे कर्ज घेतले. रक्कम ३१ मार्च २०१९ रोजी हाती आली. व्याजदर वार्षिक बारा टक्के, म्हणजे दरमहा एक टक्का, मुदत पाच वर्षे, म्हणजे साठ हप्ते, हप्ता महिनाअखेरीस. काटेकोर गणिताने हप्ता २२,२४४ रुपये ४५ पैसे येतो. बँकेने तो वरच्या रुपयात नेऊन २२,२४५ केला. एप्रिल २०१९ ते फेब्रुवारी २०२० असे अकरा हप्ते वेळेवर भरले गेले. २९ फेब्रुवारी २०२० रोजी बाकी किती?

दुकानात बसल्या बसल्या केला जाणारा हिशेब असा असतो: साठांपैकी अकरा हप्ते गेले, दहा लाखांचे साठ भाग केले, त्यातले अकरा वजा केले, राहिले ८,१६,६६७. हा आकडा चुकीचा आहे, आणि थोडाथोडका नव्हे, जवळजवळ बेचाळीस हजारांनी चुकीचा आहे. कारण प्रत्येक हप्त्यातून आधी त्या महिन्याचे व्याज वळते होते आणि उरेल तेवढेच मुद्दलात जाते. पहिल्या महिन्याचे व्याज दहा हजार. म्हणून २२,२४५ पैकी मुद्दलात गेले फक्त १२,२४५. दुसऱ्या महिन्यात व्याज ९,८७७ रुपये ५५ पैसे, मुद्दलात १२,३६७ रुपये ४५ पैसे. मुद्दलाचा वाटा दरमहा थोडा थोडा वाढतो, पण सुरुवातीस तो लहानच असतो. अकरा महिन्यांत या कुटुंबाने भरले २,४४,६९५. त्यातले १,०३,०५९ व्याजात गेले आणि मुद्दल फिटले १,४१,६३६.

हा अखेरचा आकडा प्रत्येक महिन्याची ओळ लिहून काढता येतो, पण साठ हप्त्यांच्या कर्जात ते कंटाळवाणे होते. पूर्वलक्षी पद्धत तेच काम दोन गुणाकारांत करते. तिचा विचार खातेवहीच्या नावे आणि जमा या दोन बाजूंसारखा आहे. नावे बाजूला दहा लाख रुपये. समजा, एकही हप्ता भरला नसता, तर अकरा महिन्यांत एक टक्क्याने चढत ती रक्कम ११,१५,६६८ झाली असती. जमा बाजूला अकरा हप्ते. पण हप्ते नुसते बेरीज करून चालत नाहीत, कारण एप्रिलमध्ये भरलेला रुपया बँकेकडे फेब्रुवारीपर्यंत दहा महिने होता, मे महिन्यातला नऊ महिने, आणि फेब्रुवारीतला एकही दिवस नाही. कर्जावर व्याज चढते तसेच या जमेवरही त्याच दराने चढवले पाहिजे. तसे केल्यावर अकरा हप्त्यांचे मोल २,५७,३०४ होते. नावे बाजूतून जमा बाजू वजा केली की उरतात ८,५८,३६४ रुपये. हीच बाकी.

जुन्या पेढ्यांवर चालू खात्याचे व्याज काढताना नावे रकमेचे आणि जमा रकमेचे दिवस वेगवेगळे मोजून दोन्हीकडचे व्याज परस्परांतून वजा करण्याची रीत होती. पूर्वलक्षी पद्धत तिच्याच जवळची आहे. येथे फक्त व्याज दरमहा मुद्दलात मिसळते एवढाच फरक.

भविष्यलक्षी पद्धत मात्र खातेवही उघडतच नाही. तिला मागे काय झाले याच्याशी कर्तव्य नाही. ती एवढेच विचारते: यापुढे बँकेला किती हप्ते यायचे आहेत, आणि त्या सर्वांचे आजचे मोल किती? व्यापारी घराण्यांना हा विचार अपरिचित नाही. मुदती हुंडी वटवणे म्हणजे दुसरे काय? साठ दिवसांनी मिळायची रक्कम आज हवी असेल तर सराफ तेवढ्या दिवसांचे व्याज कापून उरलेली रक्कम हाती ठेवतो. कापलेल्या व्याजाला वटाव म्हणतात. कर्जाचे एकोणपन्नास हप्ते शिल्लक असतील तर त्या एकोणपन्नास मुदती हुंड्याच समजाव्यात. पहिली एका महिन्याची, शेवटची एकोणपन्नास महिन्यांची. प्रत्येकीचा दरमहा एक टक्क्याने वटाव कापून जी बेरीज येईल ती आजची बाकी. शेवटच्या हप्त्याचे आजचे मोल १३,६६१ रुपयेच भरते, कारण तो फार दूरचा आहे. सर्वांची बेरीज होते ८,५८,३९२.

दोन आकड्यांत अठ्ठावीस रुपयांचे अंतर पडले. ते पाहून बुचकळ्यात पडण्याचे कारण नाही. बँकेने हप्ता वरच्या रुपयात नेला तेव्हा दरमहा सुमारे पंचावन्न पैसे जास्त जमा होऊ लागले. ते साचत गेले की साठावा हप्ता पूर्ण २२,२४५ चा न राहता सुमारे २२,२०० चा राहतो. भविष्यलक्षी हिशेबात शेवटचा हप्ताही पूर्ण धरला, म्हणून ते पंचेचाळीस रुपये जास्त मोजले गेले, आणि पंचेचाळीस रुपयांचे एकोणपन्नास महिने आधीचे मोल अठ्ठावीस रुपये. फरकाचा खुलासा असा पैशापर्यंत होतो, हेच या जोडहिशेबाचे बळ आहे.

ज्या घरात संगणकावर हिशेब ठेवला जातो तेथे हे दोन्ही आकडे एक्सेलच्या एकेका ओळीत निघतात. पहिली ओळ पूर्वलक्षी, दुसरी भविष्यलक्षी:

```
=FV(1%,11,22245,-1000000)
=PV(1%,49,-22245)
```

येथे एक सावधगिरी. भविष्यलक्षी पद्धतीत वटाव कर्जाच्याच दराने कापायचा असतो, बाजारातील आजच्या दराने नव्हे. दुसरी बँक दहा टक्क्यांनी कर्ज देते म्हणून कोणी दहाचा दर धरून वटाव काढला, तर त्याच एकोणपन्नास हप्त्यांचे मोल सुमारे ८ लाख ९१ हजार ९०० येईल. त्या आकड्यालाही अर्थ आहे. आजच्या दराने पाहता हे हप्ते किती जड आहेत ते तो सांगतो. पण तो बाकीचा आकडा नव्हे, आणि कोणतीही बँक तेवढी रक्कम मागणार नाही. कर्ज एका बँकेतून दुसरीकडे नेण्याचा विचार करणाऱ्यांची येथे वारंवार गल्लत होते.

आता मुख्य गोष्टीकडे. २७ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ मे या काळात देय होणारे मुदत कर्जाचे हप्ते पुढे ढकलण्याची मुभा बँकांना दिली. मे महिन्यात ती मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढवण्यात आली. टाळेबंदीत बाजार थंडावलेला, उधारी अडकलेली. तेव्हा अनेक व्यापाऱ्यांनी ही स्थगिती घेतली. आपल्या उदाहरणातील कुटुंबानेही सहा हप्ते भरले नाहीत. घोषणेत हेही स्पष्ट होते की थकीत मुद्दलावर व्याज चालूच राहील. बहुतेकांच्या कानांवर पहिले वाक्य पडले, दुसरे पडले नाही.

३१ ऑगस्ट २०२० रोजी घरात हिशेब झाला तो असा: एकोणपन्नास हप्ते राहिले होते, तेवढेच आजही राहिले आहेत, फक्त सहा महिन्यांनी पुढे सरकले; म्हणजे बाकी ८,५८,३९२. बँकेच्या उताऱ्यावर मात्र ९,११,१७१ रुपये दिसत होते. फरक ५२,७७९. एवढ्या रकमेचा फरक पाहून बँकेने काही लबाडी केली असा संशय येणे स्वाभाविक आहे.

दोन्ही पद्धती हातात असतील तर संशयाचे निरसन पाच मिनिटांत होते. पूर्वलक्षी रीतीने पाहावे. फेब्रुवारीअखेर ८,५८,३६४ रुपये नावे. त्यानंतर सहा महिने जमा बाजूला शून्य. एक टक्क्याने सहा वेळा व्याज चढले की ९,११,१७१ होतात. उतारा बरोबर आहे. मग चुकला तो भविष्यलक्षी हिशेब, आणि तोही गणितात चुकला नाही. त्यात घातलेली हप्त्यांची संख्या चुकीची होती. सहा महिन्यांत चढलेले व्याज फेडायला एकोणपन्नास हप्ते पुरणारच नाहीत. भविष्यलक्षी पद्धतीचा कमकुवत दुवा हाच. हप्ता, दर आणि उरलेले हप्ते या तिन्हींपैकी एकही आकडा कागदावर जुना राहिला असेल, तर ती अचूक गणिताने चुकीचे उत्तर देते. पूर्वलक्षी पद्धत जे प्रत्यक्ष घडले तेच मोजते, म्हणून तिची फसगत कमी होते. मात्र तिला मागची प्रत्येक तारीख आणि प्रत्येक भरणा हाताशी असावा लागतो.

त्यानंतर केंद्र सरकारच्या योजनेने थोडा दिलासा दिला. २३ ऑक्टोबर २०२० रोजी जाहीर झालेल्या या योजनेनुसार, दोन कोटी रुपयांपर्यंतच्या ठरावीक कर्जांत, ज्यांत लघु उद्योगांची कर्जेही होती, त्या सहा महिन्यांचे चक्रवाढ व्याज आणि सरळ व्याज यांतील फरक खात्यात जमा करायचा होता. आधार २९ फेब्रुवारी २०२० ची बाकी. ज्यांनी स्थगिती घेतली नाही त्यांनाही हा लाभ होता. त्याबद्दल आशा फार मोठ्या होत्या. या खात्याचा हिशेब पाहिला तर सहा महिन्यांचे सरळ व्याज ५१,५०२, चक्रवाढ व्याज ५२,८०७, आणि फरक १,३०५ रुपये. सरकारने माफ केले ते व्याजावरचे व्याज, व्याज नव्हे. अनेक खातेदारांनी हजार-बाराशे रुपयांची ती जमा पाहून बँकेत चौकशी केली असेल, पण रक्कम योग्यच होती.

हिशेब सोपा राहावा म्हणून ही रक्कम ३१ ऑगस्टलाच वजा धरली तर बाकी ९,०९,८६६ उरते. आता खरा व्यावहारिक प्रश्न: ती फेडायची कशी? येथे भविष्यलक्षी पद्धत पुन्हा कामास येते, पण उलट्या दिशेने. बाकी ठाऊक आहे. त्या बाकीला पुरे पडतील असे हप्ते शोधायचे आहेत.

पहिला मार्ग, हप्ता तोच ठेवायचा. मग २२,२४५ चे बावन्न पूर्ण हप्ते आणि त्रेपन्नावा सुमारे १९,१४३ चा लागतो. एकोणपन्नासांऐवजी त्रेपन्न. कर्ज मूळ करारानुसार मार्च २०२४ मध्ये संपायचे होते, ते जानेवारी २०२५ मध्ये संपते. सहा महिने हप्ते थांबले आणि शेवट दहा महिन्यांनी लांबला. या मार्गाने बँकेकडे एकूण जातात मूळ हिशेबापेक्षा सुमारे ८५ हजार ९०० रुपये जास्त. बहुतेक बँकांनी खातेदाराने काही कळवले नाही तर हाच मार्ग धरला, आणि खातेदारालाही तो दिसला नाही, कारण दरमहा कापली जाणारी रक्कम बदलली नव्हती.

दुसरा मार्ग, हप्त्यांची संख्या एकोणपन्नासच ठेवून हप्ता वाढवायचा. तो २३,५७९ होतो, म्हणजे दरमहा १,३३४ रुपये अधिक. एकूण जादा भरणा सुमारे ६५ हजार ४००. दरमहा तेराशे रुपयांची तोशीस सोसली तर वीस हजार वाचतात.

तिसरा मार्ग ज्यांच्या हाती रोकड होती त्यांच्यासाठी: सहा महिन्यांचे ५१,५०२ रुपये व्याज एकदम भरून टाकायचे. मग बाकी पुन्हा ८,५८,३६४ वर येते, हप्ता जुनाच राहतो, संख्याही एकोणपन्नास. जादा गेलेले एवढेच.

या तीन आकड्यांवरून स्थगिती घेणे चूक होते असा निष्कर्ष कोणी काढू नये. ज्या पेढीची वसुली थांबली होती आणि ज्यांना कामगारांचे पगार व वीजबिल द्यायचे होते, त्यांना बारा टक्क्यांनी सहा महिने मिळालेला पैसा महाग नव्हता. बाजारात खासगी कर्ज त्याहून महाग पडले असते. पण जवळ रक्कम शिल्लक असताना केवळ सवलत मिळते म्हणून हप्ता थांबवला आणि ती रक्कम बचत खात्यात पडून राहिली, असेही पुष्कळ ठिकाणी घडले. त्यांनी बारा टक्क्यांचे व्याज चढू दिले आणि त्याच्या चौथ्या हिश्श्याएवढेही मिळवले नाही.

स्थगिती हा अपवादात्मक प्रसंग होता, पण दोन पद्धतींत अंतर पाडणाऱ्या नित्याच्या गोष्टीही आहेत. त्यांत सर्वांत मोठी म्हणजे बदलता व्याजदर. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे आणि लघु उद्योगांची कर्जे बाह्य निर्देशांकाशी, बहुधा रेपो दराशी, जोडली गेली. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहा महिन्यांत रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला. हप्ता तोच राहिला आणि मुदत गुपचूप लांबत गेली, हा अनुभव तेव्हा घरोघरी आला. अशा खात्यात पूर्वलक्षी हिशेब तुकड्यातुकड्यांनी करावा लागतो: जुन्या दराने दर बदलण्याच्या तारखेपर्यंतची बाकी, मग तीच बाकी नवे कर्ज समजून नव्या दराने पुढे. भविष्यलक्षी हिशेबात आजचा दर आणि बँकेने सुधारलेली हप्त्यांची संख्या घ्यावी. मंजुरीपत्रातील संख्या घेऊ नये. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले की वैयक्तिक हप्तेबंद कर्जात दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, याचा पर्याय कर्जदाराला द्यावा. तो पर्याय निवडण्यासाठी वर केलेलाच हिशेब लागतो.

दुसरी गोष्ट लहान पण गोंधळात टाकणारी. वरचे सर्व आकडे प्रत्येक महिना सारखा धरून काढले आहेत. बँका मात्र बहुधा रोजच्या बाकीवर ३६५ दिवसांच्या हिशेबाने व्याज काढतात. म्हणून ८,५८,३६४ रुपयांवर एकतीस दिवसांच्या महिन्याचे व्याज ८,७४८ येते आणि अठ्ठावीस दिवसांच्या फेब्रुवारीचे ७,९०२. वर्षभरात ते बरेचसे भरून निघते. मार्च ते ऑगस्ट हे सहा महिने मात्र १८४ दिवसांचे असतात, त्यामुळे त्या काळाचे सरळ व्याज ५१,५०२ ऐवजी सुमारे ५१,९२५ भरते. उताऱ्यात आणि घरच्या हिशेबात शे-दोनशे किंवा चारशे रुपयांचे अंतर असेल तर त्याचे मूळ येथे शोधावे.

अंतर हजारांत असेल आणि दरही बदललेला नसेल, तर उताऱ्याची नावे बाजू ओळीने वाचावी. न वटलेल्या हप्त्याचा दंड, यंत्राच्या विम्याचा हप्ता, तपासणी शुल्क अशा रकमा कर्जखात्यातच नावे पडतात आणि त्यांवरही व्याज चढत राहते. शुद्ध पूर्वलक्षी सूत्रात त्यांचा समावेश नसतो, म्हणून बँकेची बाकी जास्त दिसते. दंडाबाबत २०२४ पासून नियम कडक झाला आहे: दंडात्मक आकार वेगळा दाखवावा लागतो आणि त्यावर पुढे व्याज लावता येत नाही. विम्याच्या हप्त्याला तो नियम लागू नाही. तो आपल्या वतीने भरलेला खर्चच असतो.

कर्ज मुदतीपूर्वी फेडायचे ठरले की बँकेकडून लेखी बाकीपत्र मागावे आणि त्यावर तारीख पाहावी. ९,०९,८६६ रुपयांच्या बाकीवर रोजचे व्याज २९९ रुपये होते. महिनाअखेरची बाकी आणि पुढील महिन्याच्या वीस तारखेची बाकी यांत म्हणून जवळजवळ सहा हजारांचा फरक पडतो. पत्रात रोजच्या व्याजाचा आकडा वेगळा लिहून घेतला, तर धनादेश कोणत्या दिवशी जमा होणार त्याप्रमाणे रक्कम घरीच जुळवता येते.